काय फ्रिजमध्ये, काय बाहेर, आणि कोण कोणाशेजारी नको

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात चार दिवस गावाला जायचं होतं. उन्हाळ्यात घर बंद राहणार, ओट्यावरचं सगळं सडेल, म्हणून निघायच्या आदल्या रात्री मी दिसेल ते फ्रिजमध्ये कोंबलं. डझनभर हिरवट केळी, अर्धा किलो वांगी, टोमॅटो, आणि भाजीच्या कप्प्यात सफरचंदांच्या शेजारी कोथिंबिरीची ताजी जुडी. परत आले तेव्हा केळ्यांची सालं राखेसारखी करडी-काळी पडली होती आणि आतला गर तसाच चिकट, तुरट. ती केळी पुढे आठवडाभर बाहेर ठेवली तरी पिकली नाहीत. वांग्यांवर बोट रुतल्यासारखे खळगे दिसत होते. कोथिंबीर पिवळी झाली होती. सडली नव्हती, वाळलीही नव्हती, नुसती पिवळी.

तेव्हा मला वाटलं, फ्रिजच बिघडला. फ्रिज ठणठणीत होता. केळी आणि वांगी बिघडली थंडीने, कोथिंबीर बिघडली शेजारच्या सफरचंदांनी सोडलेल्या वायूमुळे. ही दोन दुखणी वेगळी आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. तेव्हापासून मंडईतून आणलेल्या प्रत्येक जिन्नसाबद्दल मी दोनच प्रश्न विचारते: याला थंडी सोसते का? आणि हा वायू सोडणारा आहे की वायूने बिघडणारा?

थंडी बाधते म्हणजे नेमकं काय होतं

हिवाळ्यात खोबरेल तेलाची बाटली थिजते, करडईच्या तेलाची थिजत नाही. फळा-भाज्यांच्या पेशींभोवती जो पातळ पापुद्रा असतो तोही स्निग्ध पदार्थांचाच असतो. केळी, आंबा, वांगं, भेंडी, काकडी, रताळं ही उष्ण प्रदेशातली मंडळी. यांचा पापुद्रा साधारण १० ते १३ अंशांच्या खाली गेला की घट्ट होऊ लागतो आणि त्याला गळती लागते. पेशीत जे रस एकमेकांपासून वेगळे ठेवलेले असतात ते एकत्र येतात आणि गर किंवा साल काळी पडते. कापलेलं वांगं हवेवर काळं पडतं, तसंच काहीसं न कापताच घडतं.

उलट गाजर, कोबी, मटार, पालक, सफरचंद, द्राक्षं ही थंड हवामानाला सरावलेली. त्यांना जितकं थंड तितकं बरं, फक्त गोठू द्यायचं नाही. आपला फ्रिज असतो ४ अंशांच्या आसपास, म्हणजे गाजराला सुखाचा आणि केळ्याला शिक्षेचा.

यात फसवणारी गोष्ट अशी की थंडीची जखम फ्रिजमध्ये होते, पण बऱ्याचदा दिसते बाहेर काढल्यावर. काकडी फ्रिजमधून काढताना चांगली टणक असते. ओट्यावर अर्धा दिवस राहिली की तिच्यावर काचेसारखे ओले डाग उमटतात आणि दुसऱ्या दिवशी ती लिबलिबीत होते. आपण म्हणतो, बाहेर ठेवली म्हणून खराब झाली. खरं तर ती आतच खराब झालेली असते. दुसरी गोष्ट, ही जखम साठत जाते. एक-दोन दिवसांची थंडी बहुतेक भाज्या पचवतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून हिशोब चुकता होतो.

आणि तो वायू

इथिलीन हा साधा, रंग नसलेला वायू. वनस्पती तो स्वतः तयार करतात आणि त्यानेच स्वतःला निरोप देतात: पिक, पान गाळ, म्हातारी हो. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये दिमित्री नेल्युबोव्ह नावाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की प्रयोगशाळेतले वाटाण्याचे कोंब वाकडेतिकडे वाढतात, मोकळ्या हवेत मात्र सरळ. दिव्यासाठी वापरल्या जाणाऱ्या गॅसमधला इथिलीन हे त्याचं कारण निघालं. पिकणारं सफरचंद स्वतःच हा वायू सोडतं, हे सिद्ध व्हायला पुढे १९३४ साल उजाडलं.

आपल्या घरात याचे दोन गट पडतात. आंबा, केळं, पपई, चिकू, सीताफळ, पेरू, फणस, सफरचंद, टोमॅटो ही झाडावरून काढल्यावरही पिकतात. पिकायला लागली की ती इथिलीन सोडतात, तो इथिलीन त्यांना आणखी पिकवतो, मग ती आणखी सोडतात. एकदा हे चक्र सुरू झालं की उलटं फिरत नाही. थंडीने फक्त मंदावतं. संत्रं, मोसंबी, द्राक्षं, डाळिंब, अननस, कलिंगड, लिची यांचं तसं नाही. ती तोडल्या क्षणी जेवढी गोड तेवढीच राहतात. अननस चार दिवस बाहेर ठेवून गोड होईल या आशेवर राहू नका, तो फक्त मऊ होईल.

दुसरा गट बिघडणाऱ्यांचा. हवेच्या दहा लाख भागांत एखादा भाग इथिलीन असला तरी यांना पुरतो, काहींना त्याहूनही कमी. कोथिंबीर, मेथी, पालक, ब्रोकोली, काकडी पिवळी पडतात. कोबीची आणि फ्लॉवरची पानं गळतात. वांग्याचा देठ सुटतो. गाजराची गंमत वेगळीच: ते दिसायला जसंच्या तसं राहतं, पण कडू होतं. सफरचंदाशेजारी आठवडाभर राहिलेल्या गाजराची कोशिंबीर करून पाहिलीत तर कळेल. आपण भाजीवाल्याला दोष देतो.

माझा विश्वास बसायला एक साधा प्रयोग पुरला. एकाच जुडीतली कोथिंबीर निवडून, कोरडी करून दोन सारख्या डब्यांत फडक्यात गुंडाळून ठेवली. एका डब्यात कोपऱ्यात एक पिकलेलं सफरचंद. दोन्ही डबे फ्रिजच्या एकाच कप्प्यात. सहाव्या दिवशी सफरचंदाच्या डब्यातली खालची पानं हळदीच्या बोटासारखी पिवळी झाली होती, दुसऱ्या डब्यातली हिरवीगार. कोणालाही घरी करता येईल, खर्च एका सफरचंदाचा, आणि तेही नंतर खाता येतं.

मेमधली एक पिशवी, ओट्यावर

आता रविवारी मंडईतून आणलेली खरी पिशवी घेऊ: टोमॅटो एक किलो, काकडी आणि वांगी अर्धा-अर्धा किलो, भेंडी पाव किलो, बटाटे दोन किलो, कांदे तीन किलो, लसूण, आलं, मिरच्या, लिंबं, कोथिंबीर, पालक, गाजर, डझनभर केळी, एक पपई, चार सफरचंदं. शिवाय आंब्याची पेटी, पण तिचं वेगळं बोलू.

पहिलं काम धुण्याचं नाही, निवडण्याचं. धुतलेली भाजी ओली राहते आणि बुरशीला आमंत्रण देते. धुवायचं ते वापरताना. निवडताना ठेचलेलं, चिरलेलं, डाग पडलेलं बाजूला काढा आणि त्याच दिवशी संपवा. हे नुसतं सडकं पसरू नये म्हणून नव्हे. जखम झालेलं फळ धडक्या फळापेक्षा जास्त इथिलीन सोडतं, आणि संत्र्या-लिंबांवर येणारी हिरवी बुरशी तर स्वतःच इथिलीन बनवते. एक बुरसलेलं लिंबू कप्प्यातल्या पालकाला पिवळं करू शकतं.

मग कांदे, बटाटे, लसूण. हे फ्रिजमध्ये अजिबात नाहीत. कांद्याचं एक विचित्र आहे: तो शून्याजवळच्या कोरड्या थंडीत टिकतो आणि २५ ते ३० अंशांच्या कोरड्या उबेतही टिकतो, पण मधल्या तापमानाला त्याला भराभर मोड येतात. नाशिककडचा उन्हाळी कांदा एप्रिलमध्ये काढून चाळीत भरतात तो याच जोरावर दिवाळीपर्यंत राहतो. चाळीला खालून-बाजूने वारा लागतो आणि वरून ऊन-पाऊस लागत नाही, एवढीच युक्ती. घरी तेच करायचं: जाळीची टोपली किंवा बांबूची परडी, तळ जमिनीपासून उचललेला, थर एक-दोनच. प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारलेले कांदे चार दिवसांत घामेजतात. लसणाला थंडीत तर मोड यायचीच घाई असते. फ्रिजमधून काढलेल्या गड्ड्याला आठवडाभरात हिरवे कोंब दिसले तर नवल नाही.

बटाट्याला अंधार हवा, कारण उजेडात तो हिरवा होतो आणि हिरव्या सालीखाली सोलानिन नावाचं कडू विष साठतं. फ्रिजमध्ये त्याच्यातला स्टार्च साखरेत बदलतो. चवीला किंचित गोड लागतो, पण खरा घोटाळा तळताना: काप चटकन काळपट होतात आणि जास्त तापवल्यावर त्यात अ‍ॅक्रिलामाइड हा नको असलेला पदार्थ जास्त तयार होतो. कांदा आणि बटाटा एका टोपलीत नको, हे आजीही सांगायची. कारण इथिलीनपेक्षा साधं आहे: बटाटा ओल सोडतो, त्या ओलीने कांदा मऊ पडतो आणि मोडावर येतो. दोन टोपल्या, दोन कोपरे. बटाट्याची टोपली गॅसच्या शेजारच्या फडताळात ठेवू नका, तिथे दुपारी चाळिशी गाठलेली असते.

याच गटात रताळी, अरवी, सुरण, आणि न कापलेला लाल भोपळा. रताळं थंडीत असं आकसतं की शिजवल्यावरही मधला गाभा टणक राहतो. भोपळा मात्र कापला की नियम बदलतो. कुठलंही फळ किंवा भाजी कापल्यावर झाकून फ्रिजमध्येच, मग तिला थंडी आवडो न आवडो.

आता वांगी, भेंडी, काकडी. पुस्तकी उत्तर म्हणजे १० अंशांच्या आसपास ठेवा, आणि घरात अशी जागाच नसते. फ्रिज ४ अंशांवर, ओटा मे महिन्यात ३४ वर. थंड देशांतले लेख वाचून कोणी 'टोमॅटो-काकडी बाहेरच ठेवा' सांगतात, तेव्हा त्यांचं बाहेर म्हणजे २० अंश असतं. आपल्या बाहेरची भेंडी दीड दिवसात चामड्यासारखी होते. म्हणून माझा तोडगा हिशोबाचा आहे: या तिन्ही भाज्या कागदात गुंडाळून फ्रिजच्या सगळ्यात कमी थंड जागी, आणि तीन दिवसांत संपवायच्या. आठवड्याची भाजी मांडताना सोमवारी भेंडी, मंगळवारी वांगी, आणि कोबी-गाजर शनिवारसाठी. डिसेंबरात, पुण्यात रात्री १२ अंश असताना, वांगी-काकडी खिडकीजवळच्या टोपलीत फ्रिजपेक्षा चांगली राहतात.

ही 'कमी थंड जागा' प्रत्येक फ्रिजमध्ये निराळी असते. एका दाराच्या फ्रिजमध्ये बर्फाच्या कप्प्याखालची जागा सर्वांत थंड आणि तळाचा भाजीचा कप्पा त्यामानाने उबदार. दारही उबदारच. अंदाज नको असेल तर एका पेल्यात पाणी घेऊन त्यात साधा थर्मामीटर बुडवून रात्रभर त्या जागी ठेवा आणि सकाळी दार उघडताच वाचा. ताप मोजायचा थर्मामीटर चालत नाही, तो खाली ३५ अंशांच्या आसपासच थांबतो. माझ्या फ्रिजमध्ये वरच्या आणि खालच्या कप्प्यात ५ अंशांचा फरक निघाला.

विदर्भ-मराठवाड्यातल्या कोरड्या उन्हाळ्यात आणखी एक वाट आहे. सच्छिद्र मातीचं रुंद भांडं ओल्या वाळूत बसवायचं, आत भाजी, वरून ओलं पोतं, दिवसातून दोनदा पाणी. पाणी उडताना आतली हवा बाहेरपेक्षा बरीच थंड होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने याच तत्त्वावर विटा आणि वाळूचा, विजेशिवाय चालणारा शीतकक्ष तयार केला. कोकणात किंवा मुंबईत मात्र याचा उपयोग होत नाही, कारण तिथली हवाच पाण्याने भरलेली; पोतं वाळत नाही, भाजी सडते.

टोमॅटोवर थोडं थांबावं लागेल. तो वायू सोडतो, थंडीनेही बिघडतो, म्हणजे दोन्ही प्रश्नांत तो अडचणीचाच. कच्चट, केशरी टोमॅटो फ्रिजमध्ये गेला की पिकणं थांबतं आणि पुढे तो पिठूळ होतो. पिकलेल्या टोमॅटोवर फ्लोरिडा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली जे दाखवलं ते आठवण्यासारखं आहे: आठवडाभर ५ अंशांत ठेवल्यावर साखर आणि आंबटपणा तसाच राहतो, पण सुगंध तयार करणारे जनुक मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत. म्हणजे फ्रिजमधला टोमॅटो बेचव लागतो ही तक्रार खरी आहे. जातो तो वास.

पण मेमध्ये बाहेर ठेवायचं म्हटलं तर दुसरी अडचण. ३० अंशांच्या वर टोमॅटोत लाल रंग नीट तयारच होत नाही. तो पिवळट-केशरी राहतो आणि मऊ मात्र होतो. म्हणून: कच्चट टोमॅटो घरातल्या सर्वांत थंड जमिनीवर, ताटात एका थरात, देठाची बाजू खाली. देठाच्या खुणेतूनच त्याचं पाणी उडतं. लाल झालेले, ज्यांना आज-उद्या वेळ नाही, ते फ्रिजच्या दारात तीन दिवसांपर्यंत. आमटीत घालायचे असतील तर काही बिघडत नाही. कोशिंबिरीसाठी ताजे, बाहेरचे घ्या.

केळी कधीच फ्रिजमध्ये नाहीत, असं म्हणणंही अर्धवट. कच्ची नाहीत. पूर्ण पिवळी झालेली चालतात; साल काळी होईल, आतला गर तीन-चार दिवस चांगला राहील. पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखी दिसत नाहीत एवढंच. उन्हाळ्यात एक वेगळीच फसगत होते: साल हिरवट आणि आत गर मऊ. आपल्याकडे जळगावहून येणारं बहुतेक केळं ज्या जातीचं असतं, त्याची साल जास्त उष्णतेत पिवळी होतच नाही. ते कच्चं समजून आणखी ठेवाल तर सडेल. रंग पाहू नका, देठाजवळ हलकेच दाबून पाहा.

केळ्याचा घड टांगावा, आणि बाकी सगळ्यांपासून दूर. त्याच्या देठाशी प्लॅस्टिक गुंडाळण्याचा सल्ला सगळीकडे दिसतो. मी दोन-तीनदा करून पाहिला, एखाद्या दिवसाचाही फरक पडला नाही. वायू सबंध फळातून येतो, नुसत्या देठातून नाही.

पपई, चिकू, सीताफळ, पेरू यांना एकच नियम: पिकेपर्यंत बाहेर, पिकल्यावर फ्रिजमध्ये, दोन दिवसांत पोटात. सीताफळाच्या बाबतीत घाई करू नका. कच्चं सीताफळ फ्रिजमध्ये गेलं तर ते काळं दगड होऊन बाहेर येतं, मग कितीही वाट पाहा.

मिरच्या देठ खुडून, कोरड्या डब्यात कागद घालून. लिंबं बाहेर ठेवली तर आठवड्यात दगड होतात. घट्ट डब्यात घालून फ्रिजमध्ये ती महिनाभर रसाळ राहतात. भरपूर लिंबं विकत घेणाऱ्यांनी अधूनमधून डबा उघडून बुरशी पाहावी. आलं बाहेर आठवडाभर, जास्त हवं असेल तर कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये.

आंब्याची पेटी

'एक नासका आंबा सगळी अढी नासवतो' हे माणसांबद्दल म्हणतात, पण आंब्यांबद्दलही ते अक्षरशः खरं आहे. कोकणात गवतावर आंबे मांडून वर गवत घालतात त्या अढीत दोन गोष्टी साठतात, ऊब आणि इथिलीन. जे फळ आधी पाडाला लागलेलं असतं ते पिकू लागतं, त्याचा वायू शेजाऱ्याला लागतो, आणि चार-सहा दिवसांत सगळी अढी उजळते. त्यातलं एक सडलं तर तेही आपला वायू आणि वर बुरशी शेजाऱ्यांना देतं.

पेटी घरी आली की त्याच दिवशी उघडा. दुकानातून येताना ती गरम झालेली असते आणि आतला वायू कोंडलेला असतो. चार डझनांची पेटी असेल तर मी तीन ढीग करते. ज्यांचा देठाजवळचा भाग उंचावून गोल झालाय आणि वास सुटलाय ते पहिल्या दोन दिवसांचे. जे टणक पण भरलेले ते मधले. जे अजून हिरवेगार ते शेवटचे. पहिला ढीग दुसऱ्या खोलीत जातो. म्हणजे पाडाचे आंबे हिरव्यांना ढकलत नाहीत आणि चार डझन आंबे एकाच बुधवारी पिकत नाहीत. हा एक बदल केल्यापासून आमच्याकडे शेवटच्या डझनाचा आमरस करून फ्रीझरमध्ये भरायची पाळी येत नाही.

उलट घाई असेल, शनिवारी पाहुणे आणि आंबे टणक, तर मुद्दाम वायू वापरायचा. पाच-सहा आंबे कागदी पिशवीत घालून त्यात एक पिकलेलं केळं टाका, तोंड दुमडा, खोलीत ठेवा. साधारण दोन-तीन दिवसांत फरक दिसतो. रोज उघडून बघा. प्लॅस्टिकची पिशवी नको, कारण तिच्यात ओल साठते आणि फळाला श्वासापुरती हवा मिळत नाही. आंबा पिकण्याऐवजी आंबूस होतो. तांदळाच्या डब्यात पुरलेला आंबा पिकतो तोही असाच कोंडलेल्या वायूने, फक्त तो विसरला जातो.

बाजारात हेच काम रायपनिंग चेंबरमध्ये मोजून करतात: बंद खोली, ठरावीक तापमान, आणि दहा लाख भागांत १०० भागांपर्यंत इथिलीन. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने याला परवानगी दिलेली आहे. बंदी आहे ती कॅल्शियम कार्बाइडवर. त्यातून अ‍ॅसिटिलीन निघतो, तो इथिलीनची नक्कल करतो, पण सोबत आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. इथिलीनने पिकवलेला आंबा म्हणजे 'केमिकलचा' असं घाबरण्याचं कारण नाही. झाडाचा स्वतःचा वायू तोच आहे.

पिकलेला आंबा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस आरामात राहतो. हिरवा आंबा मात्र तिथे गेला की साल करडी डागाळते आणि चव सपक राहते.

फ्रिजच्या आत कोण कुठे

पंख्याचा फ्रिज असेल तर आतली हवा सतत फिरते, त्यामुळे सफरचंदं वर आणि पालक खाली ठेवून पुरेसं वेगळं होत नाही. वायू सोडणारी फळं पिशवीत गाठ मारून किंवा झाकणाच्या डब्यात, आणि शक्यतो वेगळ्या कप्प्यात. सफरचंदं अशी महिनाभर राहतात. पालेभाज्या मुळं कापून, पूर्ण कोरड्या करून, सुती फडक्यात गुंडाळून डब्यात. फडकं ओलसर झालं की बदला.

खायचा सोडा फ्रिजमधला वास कमी करतो, इथिलीन नाही. इथिलीन शोषणाऱ्या म्हणून ज्या पुड्या मिळतात त्यांत पोटॅशियम परमँगनेट असतं. ती जांभळी असते आणि काम करता करता तपकिरी होते. तपकिरी झाली की संपली. दोन माणसांच्या घराला तिची गरज नाही, डबा पुरतो.

बिघडलंच तर ओळखायचं कसं

पिवळेपणा आणि गळती ही वायूची खूण, तीही बाकी भाजी टवटवीत असताना. खळगे, ओले काचेसारखे डाग, आत बिया तपकिरी, न पिकलेला टणक गर, ही थंडीची. वांगं कापल्यावर बिया काळसर दिसल्या तर ते फ्रिजमध्ये फार दिवस राहिलं, किडलेलं नाही. वास चांगला असेल तर भरीत करून टाका. सुरकुत्या म्हणजे नुसतं पाणी उडालं, तिथे कागद किंवा डबा हवा होता. वायूने पिवळी झालेली कोथिंबीर खायला सुरक्षित असते, फक्त स्वाद गेलेला असतो; वाटणात जाते. कडू गाजर मात्र दुरुस्त होत नाही.

दुरुस्त होण्यासारखं एकच सापडलं, ते म्हणजे फ्रिजमध्ये गोड झालेले बटाटे. ते बाहेर, अंधारात, वारा लागेल अशा टोपलीत दोन-तीन आठवडे ठेवले तर जमलेल्या साखरेपैकी बरीचशी पुन्हा स्टार्चमध्ये आणि श्वासात खर्च होते. वेफर्स करायच्या आधी एक काप तळून पाहा. फिकट सोनेरी निघाला तर बाकीचे चिरा, काळपट निघाला तर आणखी आठवडाभर थांबा, नाहीतर सरळ रस्सा करा.